भिंतीवरच्या दोन रेघा: आजच्या फोटोखाली अठराव्या वर्षासाठी ओळी कशा लिहाव्यात

लहान मुलाच्या फोटोखाली आपण रोज जी ओळ लिहितो, ती आज पाहणाऱ्यांसाठी असते. त्यांना घर माहीत असते, माणसे माहीत असतात, म्हणून दोन शब्दांत काम भागते. तोच फोटो ते मूल अठराव्या वर्षी पाहील, तेव्हा त्यातील घर कदाचित पाडलेले असेल आणि ज्यांना विचारता आले असते अशी माणसे कदाचित नसतील. तेव्हा मुलासाठी लिहायच्या फोटोओळीची कसोटी एकच आहे: शेजारी सांगणारे कोणी नसताना ती ओळ एकटी उभी राहिली पाहिजे. पुढे दिलेला क्रम याच कसोटीवर बेतलेला आहे. सगळे अल्बम लिहून काढण्याचा बेत सुरुवातीला करू नये. एक फोटो घ्यावा आणि त्याचे काम शेवटपर्यंत न्यावे.

फोटो निवडणे

वाढदिवसाच्या केकचा फोटो शक्यतो निवडू नये. केक, फुगे आणि टोपी दर वर्षी सारखीच असतात, आणि त्यांच्याविषयी मुलाला अठराव्या वर्षी काही विचारावेसे वाटण्याचा संभव कमी असतो. ज्या फोटोत लवकरच नाहीशी होणारी एखादी गोष्ट आहे, आणि ती काय आहे हे नुसते पाहून कळत नाही, असा फोटो निवडावा. मोडीत निघणारी बैलगाडी, रस्तारुंदीत जाणारा ओटा, हळद शिजवण्याची जुनी काहील, आजीचे बंद होऊ घातलेले दुकान अशा गोष्टी आपल्या भागात अजून आहेत. त्या चौकटीत मूलही असावे, म्हणजे त्या गोष्टीचे माप मुलाच्या अंगावरून मोजता येते.

या लेखात उदाहरणासाठी सांगलीच्या गावभागातील एका कुटुंबाचा फोटो घेतला आहे. चार वर्षांची होत आलेली मुलगी आणि तिचे आजोबा अंगणातील भिंतीपाशी उभे आहेत आणि भिंतीवर निळ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा आहेत. सांगलीच्या माणसाला त्या रेघा काय आहेत हे सांगावे लागत नाही. पण २०३९ साली, कदाचित दुसऱ्या शहरात वाढलेल्या मुलीला त्या नुसत्या रंगाच्या रेघा वाटतील, आणि तोवर भिंतीला नवा रंग लागलेला असेल.

त्या आईने फोटोखाली प्रथम लिहिलेली ओळ अशी होती: “आजोबांसोबत जुन्या घरी. पुराच्या आठवणी!” आज वाचणाऱ्या नातलगांना ती पुरेशी होती. अठरा वर्षांच्या मुलीला मात्र तिच्यातून चार प्रश्न पडतील. कोणते आजोबा, आईचे की बाबांचे? घर तेव्हा जुने होते, की आता सोडले म्हणून जुने? कोणता पूर? आणि हे लिहिले कोणी?

लिहिण्याआधी विचारणे

ओळ लिहायला बसण्याआधी फोटोतील मोठ्या माणसाशी एकदा बोलावे. ही पायरी बहुतेक जण वगळतात, कारण आपल्याला सगळे माहीत आहे असे वाटत असते. फोटो त्यांच्या हातात द्यावा आणि साधे, नेमके प्रश्न विचारावेत: ही रेघ कोणी ओढली, केव्हा, कशावरून, कोणत्या रंगाने? “पुराबद्दल काही सांगा” असे विचारले, तर सर्वांनी ऐकलेली हकीकत पुन्हा मिळते. वस्तूवर बोट ठेवून विचारले, तर नवीन माहिती निघते. या घरात तसेच झाले. रेघा मोजणी करून कोणी सरकारी माणसाने मारल्या असतील असा आईचा समज होता. विचारल्यावर कळले की पाणी ओसरल्यानंतर भिंतीवर राहिलेल्या गाळाच्या खुणेवर आजोबांनीच घरात उरलेल्या ऑइलपेंटने त्या ओढल्या होत्या.

सार्वजनिक माहिती आणि घरातील आठवण यांचा मेळ येथेच घालून घ्यावा. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि जुलै २०२१ चा पूर त्याहून खालच्या पातळीवर राहिला. म्हणजे वरची रेघ २०१९ ची आणि खालची २०२१ ची, हे आजोबांच्या सांगण्याशी जुळते. जेथे असे जुळत नाही, तेथे आठवण खोडू नये. “आजोबांच्या आठवणीप्रमाणे” असे लिहून ती तशीच ठेवावी.

ओळी लिहिणे

आरंभी चार गोष्टी कोरड्या शब्दांत याव्यात: दिनांक, ठिकाण, डावीकडून उजवीकडे माणसे, आणि फोटो काढणारा. फोटो काढणारा माणूस चौकटीत नसतो, म्हणून तोच सर्वांत आधी विसरला जातो. मुलाला मात्र पुढे तोच चेहरा सगळ्या फोटोंत कमी दिसतो. नाते लिहिताना नुसते “काका” पुरत नाही. आपल्याकडे शेजारीही काका असतात आणि बाबांचे मित्रही. पूर्ण नाव, नाते आणि मूल त्यांना ज्या नावाने हाक मारते ते नाव, अशी तिन्ही द्यावीत. या लेखात खासगीपणासाठी नावे गाळली आहेत, पण प्रत्यक्ष कागदावर ती गाळू नयेत.

त्यानंतर तीन ते आठ वाक्यांत, फोटोत दिसते पण कळत नाही ते सांगावे. आणि शेवटी मुलाचे त्या दिवशीचे एखादे बोलणे, जसेच्या तसे, त्याच्या उच्चारासह द्यावे. हे बोलणे त्याच दिवशी टिपून ठेवले नाही, तर आठवड्याभरात ते आपल्या भाषेत बदलते आणि मूल मोठ्या माणसासारखे बोलू लागते.

त्या आईने लिहिलेल्या अंतिम ओळी, नावे वगळून, अशा आहेत:

> रविवार, १२ जानेवारी २०२५, दुपार. सांगली, गावभाग, आपल्या घराची अंगणाकडची भिंत. डावीकडे तू, वय तीन वर्षे अकरा महिने. उजवीकडे तुझ्या बाबांचे वडील, वय ७१. तू त्यांना आण्णा म्हणतेस. फोटो मी, तुझ्या आईने, फोनवर काढला.
>
> भिंतीवरच्या दोन निळ्या रेघा म्हणजे आपल्या अंगणात कृष्णेचे पाणी जेथवर चढले त्या खुणा आहेत. आण्णांच्या खांद्याजवळची रेघ ऑगस्ट २०१९ ची आहे. तेव्हा तुझा जन्म झालेला नव्हता. तुझ्या छातीशी आलेली खालची रेघ जुलै २०२१ ची आहे. तेव्हा तू पाच महिन्यांची होतीस आणि पाणी चढण्याच्या आदल्या संध्याकाळी आपण मिरजेला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची जी खूण राहिली, तिच्यावर आण्णांनी घरातल्या ऑइलपेंटने या रेघा ओढल्या. पुढच्या महिन्यात घराला रंग द्यायचा आहे. रेघा ठेवायच्या की नाहीत यावर आण्णांचे आणि तुझ्या बाबांचे आज तरी एकमत झालेले नाही.
>
> तुला वरच्या रेघेला हात लावायचा होता. हात पुरेना, तेव्हा तू आण्णांना म्हणालीस, “मला पान्याएवढं मोठं कल.”

या ओळींत प्रेम, आशीर्वाद, अभिमान यांतील एकही शब्द नाही, आणि तो नसणेच मला योग्य वाटते. मुलगी कोठे उभी होती, कोणाशेजारी आणि कशासमोर, हे आईने इतक्या लक्षपूर्वक पाहिले आहे की भावना वेगळी लिहावी लागत नाही. शिवाय रंगाविषयीचे वाक्य लिहिताना निकाल ठाऊक नव्हता आणि तो नसल्याचे तिने तसेच लिहिले. अठराव्या वर्षी मुलगी त्या भिंतीकडे पाहील, किंवा भिंत नसेल तर बाबांना विचारील, आणि पुढे काय झाले ते तिला कळेल.

पुन्हा वाचताना काय शोधावे

लिहून झाल्यावर कागद दोन-चार दिवस बाजूला ठेवावा आणि मग केवळ एका प्रकारचे शब्द शोधत वाचावा: जे शब्द बोलणाऱ्याच्या जागेवर आणि वेळेवर अवलंबून असतात ते. “काल”, “यंदा”, “परवाच्या पुरात”, “समोरच्या घरात”, “जुन्या बाजूला”, “आमच्याकडे”, “तिकडची आजी” हे शब्द आज अगदी स्पष्ट असतात आणि चौदा वर्षांनी त्यांचा पत्ता हरवतो. प्रत्येकाच्या जागी नाव, साल किंवा नाते घालावे. “समोरच्या घरात” ऐवजी “रस्त्याच्या पलीकडे, दत्तमंदिराला लागून असलेल्या घरात” असे लिहावे. रस्ते आणि चौकांची नावे बदलतात, म्हणून देऊळ, पूल, घाट, पार अशी सहसा न हलणारी खूण सोबत द्यावी. वरच्या ओळींत “पुढच्या महिन्यात” आणि “आज” हे शब्द राहिले आहेत, पण त्यांच्या वरच दिनांक लिहिलेला असल्यामुळे ते चालतात. दिनांक नसता तर ते काढावे लागले असते.

ही तपासणी झाली की घराबाहेरील एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला फोटो आणि कागद द्यावा आणि वाचून काय प्रश्न पडतात एवढेच विचारावे. त्यांना जेथे अडेल, तेथेच आपले मूल अडणार आहे.

काय लिहू नये

अठराव्या वर्षी भारतात माणूस कायद्याने सज्ञान होतो आणि अशा वाचकाला आपल्याविषयी आई-वडिलांनी आधीच काढलेले निष्कर्ष वाचायला सहसा आवडत नाहीत. “तू डॉक्टर होशील”, “तू लहानपणापासूनच हट्टी”, “तू आजीसारखीच निघालीस” ही वाक्ये वगळावीत. हट्ट दाखवायचा असेल तर प्रसंग सांगावा आणि नाव ठेवण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडावे. वरच्या ओळींत मुलगी हट्ट करते आहे, पण तो शब्द कोठेही नाही.

आजारपण, घरातील वाटणीचे वाद, आणि ज्यामुळे मित्रमैत्रिणींसमोर वाचताना मुलाची मान खाली जाईल असे काहीही या कागदावर नको. आधार क्रमांक, बँकेचा तपशील हेही नको. मूल जाणते होण्याआधी या ओळी समाजमाध्यमांवर टाकू नयेत. त्या टाकायच्या की नाही, हे ठरवण्याचा हक्क ज्याच्यासाठी त्या लिहिल्या त्याचा आहे.

कागद, पेन्सिल आणि पाणी

लॅबमधून मिळणाऱ्या आजच्या फोटोंच्या कागदावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे पाठीमागे साधी पेन्सिल नीट उमटत नाही. बॉलपेनने दाबून लिहिले तर पुढच्या बाजूला उंचवटे दिसतात. जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि फोटो एकमेकांवर ठेवले की शेजारच्या फोटोच्या चेहऱ्यावर उतरते. म्हणून फोटोच्या पाठीवर, अगदी कडेला, पिगमेंट शाईच्या बारीक पेनने फक्त दिनांक आणि नावे लिहावीत, ती पूर्ण वाळू द्यावीत, आणि मुख्य ओळी वेगळ्या कागदावर लिहाव्यात.

तो कागद सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद असेल तर उत्तम. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे आणि असा कागद चित्रकलेच्या साहित्याच्या चांगल्या दुकानांतही मिळतो. वर्तमानपत्रासारख्या स्वस्त कागदात लाकडातील लिग्निन राहिलेले असते. त्यामुळे तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून वहीचे फाडलेले कोणतेही पान घेऊ नये. लिहायला २बी किंवा ४बी पेन्सिल घ्यावी. पेन्सिलची रेघ ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनची असते. ती उन्हाने उडत नाही आणि पाण्याने पसरत नाही. साध्या पेनांतील अनेक शाया रंगद्रव्य पाण्यात सोडतात. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्यांना पेन्सिल का घ्यावी हे याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

अक्षर सुटे आणि शिरोरेघेसह असावे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना छापील देवनागरी वाचता येते, पण मोठ्यांचे जोडून लिहिलेले धावते अक्षर त्यांना अडते. सातारा-सांगलीकडील अनेक घरांत पणजोबांची मोडीतील कागदपत्रे ट्रंकेत आहेत आणि घरातील कोणालाही ती वाचता येत नाहीत. तशी वेळ आपल्या अक्षरावर येऊ नये.

फोटो घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापू नये. त्याची शाई बहुधा पाण्यात विरघळते. लॅबमधील फोटोचा रंग जिलेटिनच्या थरात असतो. तो थोडा वेळ भिजला तरी वाचू शकतो, मात्र ओला असताना तो थर मऊ होतो आणि शेजारच्या फोटोला किंवा काचेला चिकटतो. कधी फोटो भिजलेच, तर ते एकावर एक वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन, ओले असतानाच एकेक सुटा करावा आणि चेहरा वर ठेवून टिपकागदावर किंवा सुती कापडावर सावलीत वाळवावा. चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप, टाचण्या आणि लॅमिनेशन ही चारही टाळावीत. टेप पिवळा डाग सोडतो, टाचणी पावसाळ्यात गंजते, आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही.

फोनमधील प्रत

तोच मजकूर फोटोच्या फाइलमध्येही भरून ठेवता येतो. येथे दोन गैरसमज आहेत. पहिला असा की गूगल फोटोजमध्ये फोटोखाली लिहिले म्हणजे ते फोटोत गेले. ते वर्णन खात्यात राहते, फोटो उतरवून घेताना फाइलमध्ये येत नाही, आणि दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. दुसरा असा की व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मूळ फोटोइतकाच असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आत लिहिलेली माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

मजकूर फोनच्या मराठी कीबोर्डने किंवा संगणकावर युनिकोडमध्ये टाइप करावा. डीटीपीच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. मजकूर caption.txt या नावाने UTF-8 मध्ये जतन करावा आणि संगणकावर ExifTool हे मोफत साधन असेल तर फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवून पुढील आज्ञा द्यावी:

```
exiftool "-XMP-dc:Description<=caption.txt" 2025-01-12-bhint.jpg
exiftool -XMP-dc:Description 2025-01-12-bhint.jpg
```

पहिली आज्ञा मजकूर फोटोत भरते, दुसरी तो भरला की नाही हे दाखवते. मूळ फाइल शेवटी _original जोडलेल्या नावाने तशीच राहते. हे जमत नसेल तर फोटो आणि मजकुराची फाइल यांना एकच नाव देऊन एकत्र ठेवणेही चालते. माझा भर मात्र कागदावरच आहे, कारण तो उघडायला परवलीचा शब्द लागत नाही.

ठेवण्याची जागा

फोटो आणि घडी न घातलेला कागद एका साध्या कागदी पाकिटात ठेवावा आणि दोघांमध्ये एक कोरा हातकागद घालावा. पाकिटावर मुलाचे नाव, “अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर” हे शब्द आणि ते साल पेन्सिलीने लिहावे. दुसरी प्रत उंचावरच्या गावी, दुसऱ्या घरी द्यावी. या कुटुंबाने ती साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहणाऱ्या आत्याकडे दिली आहे. लाकडी कपाटाच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीला लागून किंवा देवघराच्या वरच्या फळीवर पाकीट ठेवू नये. तळाला ओल धरते, भिंतीतून दमटपणा येतो, आणि देवघराच्या वर धूर व तेलाचा थर बसतो.

सगळ्यांत मोठी अडचण पाकीट खराब होण्याची नसते, ते विसरले जाण्याची असते. त्यावर मला एकच भरवशाचा उपाय दिसतो. ज्या फाइलमध्ये मुलाचा जन्मदाखला आहे, त्याच फाइलमध्ये, दाखल्याच्या पाठीमागे पाकीट ठेवावे. मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज भरताना किंवा वाहन परवान्यासाठी अठराव्या वर्षी ती फाइल उघडावीच लागते. आणि कृष्णेचे पाणी चढू लागल्यावर घर सोडताना लोक जी पिशवी सर्वांत आधी उचलतात, तिच्यात हीच फाइल असते.